कावळा प्रत्येक वेळी बसतो, फांदी प्रत्येक वेळी मोडते

परवा रात्री सगळं आवरून झाल्यावर मी आलेखाचा कागद घेऊन बसले आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे सात ठिपके पेन्सिलीने मांडले. आडव्या रेषेवर जमिनीची उंची, फुटांत. उभ्या रेषेवर दर दहा हजार माणसांमागे कॉलऱ्याने गेलेली माणसं. शहर लंडन, साथ १८४८-४९ सालची, आकडे विल्यम फार यांचे.

कॉम्प्युटरवर हे काम दोन सेकंदांचं आहे, मला ठाऊक आहे. रोज तेच करते. पण हाताने ठिपका काढायला लागलं की त्या एका ठिपक्यात किती घरं कोंबली आहेत हे विसरता येत नाही.

पहिला ठिपका १० फुटांवर, १०२ मृत्यू. ३० फुटांवर ६५. ५० वर ३४, ७० वर २७, ९० वर २२, १०० वर १७. शेवटचा ठिपका इतका लांब पडला की उजवीकडे दुसरा कागद चिकटवावा लागला: ३५० फूट, आणि मृत्यू फक्त ७. मग पेन्सिल न उचलता एक रेघ ओढली. आधी धाडकन खाली येणारी, मग हळूहळू सपाट होत जाणारी. एक ३० फुटांचा ठिपका सोडला तर बाकी सगळे तिला चिकटूनच बसले. नोकरीला लागल्यापासून मी हजारो स्कॅटर प्लॉट पाहिले असतील. खऱ्या जगातल्या, माणसांच्या आकड्यांतून इतकी सुबक रेघ निघालेली फार थोड्या वेळा पाहिली आहे.

आणि या रेघेवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता.

फार हा काही उडाणटप्पू माणूस नव्हता. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसात, म्हणजे जिथे देशातल्या प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद पोहोचायची तिथे, तो आकड्यांचं काम पाहायचा. मृत्यूच्या कारणांची नीट वर्गवारी असावी हा आग्रह धरणाऱ्यांत तो पहिल्या फळीतला. त्या एका साथीत इंग्लंड आणि वेल्समध्ये पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. फारने लंडनचे जिल्हे घेतले, थेम्स नदीच्या भरतीच्या खुणेपासून प्रत्येकाची उंची किती ते घेतलं आणि उंचीचे पट्टे पाडले. १८५२ साली त्याचा अहवाल आला. त्यात नुसता कल सांगून तो थांबला नव्हता, त्याने सूत्रच दिलं होतं. ते सूत्र मी माझ्या पद्धतीने असं लिहिते:

(उंची + १३) × मृत्यू ≈ २२६०

करून बघा. ७० फुटांचा ठिपका घ्या: ७० अधिक १३ म्हणजे ८३, गुणिले २७, आले २२४१. ९० फुटांचा घ्या: १०३ गुणिले २२, आले २२६६. ५० फुटांचा घ्या: ६३ गुणिले ३४, आले २१४२. उंचीवरून सूत्राने सांगितलेले मृत्यू आणि प्रत्यक्षात झालेले मृत्यू यांचा सहसंबंध गुणांक काढला तर तो ०.९९ येतो. गुणांक १ म्हणजे सगळे ठिपके एका सरळ रेषेत, ० म्हणजे काहीच मेळ नाही. आजकाल कुणाला ०.७ मिळाला तरी तो दिवसभर खुशीत असतो.

शिवाय फारच्या हातात नुसते ठिपके नव्हते. या आकड्यांना शोभेल असं कारणही तयार होतं. त्या काळच्या बहुतेक जाणत्या लोकांप्रमाणे तो मानायचा की रोग दूषित हवेतून येतो. नदीकाठच्या कुजक्या चिखलातून, सांडपाण्यातून वाफा उठतात, त्या जमिनीलगत दाट असतात आणि वर जावं तशा विरळ होतात. मग मृत्यूही वर जावं तसे कमी व्हायला हवेत, आणि तेही एकसारखे नाही तर आधी झपाट्याने, मग संथपणे. कागदावर अगदी तसंच दिसत होतं. सिद्धान्त म्हणाला रेघ अशी वळेल, आणि रेघ तशी वळली. यावर तुम्ही-आम्ही तरी काय म्हटलं असतं?

मी काय म्हटलं असतं ते मला नेमकं माहीत आहे, कारण मी ते एकदा म्हटलेलं आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. आमच्या संस्थेच्या बऱ्याच शाखा होत्या. मी प्रत्येक शाखेचे दोन आकडे घेतले: माणशी प्रशिक्षणाचे सरासरी दिवस आणि महिन्याला येणाऱ्या सरासरी तक्रारी. ठिपके टाकले तर डावीकडून उजवीकडे उतरती, घट्ट माळ. जितकं प्रशिक्षण जास्त तितक्या तक्रारी कमी. बैठकीत मी पडद्यावर त्या माळेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही." साहेबांनी पैसे मंजूर केले. तक्रारी जास्त असलेल्या शाखांतल्या माणसांना वर्षभर प्रशिक्षणाला धाडलं. आडव्या रेषेवर ते ठिपके उजवीकडे सरकले खरे, पण खाली काही उतरले नाहीत. जिथे होते त्याच उंचीवर राहून बिचारे नुसते उजवीकडे चालत गेले.

उत्तर दिलं ते आमच्या हजेरीपटावर बसणाऱ्या एका काकांनी, तेही चहा पिता पिता. "अहो मॅडम, ज्या शाखेत माणसं जुनी आहेत तिथेच कुणाला चार दिवस सोडता येतं ना. नवख्यांच्या शाखेत एक माणूस गेला की काउंटरच बंद पडतो." जुनी माणसं असली की तक्रारी कमी. जुनी माणसं असली की प्रशिक्षणाला सवडही जास्त. माझ्या दोन्ही आकड्यांच्या मागे ती जुनी माणसं उभी होती आणि माझ्या आलेखात त्यांच्यासाठी रेषाच नव्हती.

आपल्याकडे अशा वेळी पटकन म्हण निघते, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मला ही म्हण फार आवडते, पण इथे ती कमी पडते. ती योगायोगाची म्हण आहे: कावळा एकदा बसला, फांदी एकदा मोडली. स्कॅटर प्लॉट घट्ट असतो तेव्हा प्रकार वेगळा असतो. तिथे कावळा प्रत्येक वेळी बसतो आणि फांदी प्रत्येक वेळी मोडते. हा योगायोग नाही, हे मान्यच करावं लागतं. ठिपके घट्ट असले की योगायोगाची शक्यता जवळजवळ संपते, आणि घट्टपणाचं काम तिथेच संपतं. कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली, की कावळा मुळात वाळक्या फांद्याच निवडतो, की वादळ आलं की कावळे त्या झाडाकडे येतात आणि फांद्याही वादळानेच मोडतात, यातलं काय खरं ते ठिपक्यांना ठाऊक नसतं. तिन्ही गोष्टींत कागदावर तेच चित्र उमटेल, आणि तितकंच घट्ट.

आपली गल्लत इथे होते. ठिपके विखुरलेले असले की आपण म्हणतो, कदाचित दुसरं काही कारण असेल. ठिपके दाटीने बसले की म्हणतो, आता शंकेला जागा नाही. जणू घट्टपणा वाढला की ती दुसरी कारणं एकेक करून बाद होतात. तसं होत नाही. मागे लपलेला तिसरा घटक आपल्या आडव्या रेषेवरच्या गोष्टीला जितका पक्का बांधलेला असेल तितके ठिपके जास्त घट्ट दिसतात. म्हणजे घट्टपणा लपलेल्या कारणाच्या विरुद्ध साक्ष देत नाही. पुष्कळदा तो त्याचीच करामत असतो.

लंडनमध्ये तो तिसरा घटक नळातून वाहत होता.

सखल जिल्हे नदीलगतचे. त्यांतल्या बऱ्याच घरांना पाणी पुरवणाऱ्या खाजगी कंपन्या ते थेम्समधूनच उचलायच्या, आणि तेही शहराच्या ऐन मध्यात, जिथे शहराचं सांडपाणी नदीत सोडलं जायचं आणि भरती-ओहोटीबरोबर मागे-पुढे हिंदकळत राहायचं. उंचावरचे भाग नदीपासून दूर, त्यांचं पाणी बरंचसं दुसरीकडून यायचं. म्हणजे उंची बदलली की पाणीही बदलत होतं. फारने उंची मोजली, पण तिच्याबरोबर नकळत पाण्याची प्रतही मोजली. गंमत म्हणजे त्याच अहवालात त्याने जिल्हे पाण्याच्या उगमाप्रमाणेही लावून पाहिले होते. शहराच्या वरच्या अंगाला, क्यू ते हॅमरस्मिथच्या दरम्यान थेम्सचं पाणी घेणाऱ्या जिल्ह्यांत दहा हजारी १५ मृत्यू होते. बॅटरसी ते वॉटर्लू पुलादरम्यान घेणाऱ्यांत १२३. आकडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. पण उंचीची रेघ जास्त देखणी होती, आणि तिच्यामागे त्याला पटणारं कारणही होतं. पाण्याला त्याने दुय्यम स्थान दिलं.

देखण्या रेघेची एक गोम इथे उलगडून सांगायला हवी, कारण ती वर्तमानपत्रातल्या निम्म्या आलेखांत असते. फारकडे जिल्हे होते ३८, माझ्या कागदावर ठिपके सात. उरलेले गेले कुठे? सरासरीत. एका पट्ट्यातल्या सगळ्या जिल्ह्यांची सरासरी घेतली की त्यांच्यातली आपापसातली ओढाताण पुसली जाते, आणि जे पुसलं जातं तेच आपल्या कामाचं असतं. डॉक्टर जॉन स्नो याने पुढे यावरच बोट ठेवलं. त्याने ब्रिक्स्टन दाखवलं: नदीच्या दक्षिणेला, उंची ५६ फूट, मृत्यू दहा हजारी ५५. आता सूत्राला विचारा. ५६ अधिक १३ म्हणजे ६९, २२६० भागिले ६९, म्हणजे ३३ मृत्यू व्हायला हवे होते. आणि स्नो म्हणतो, नदीच्या उत्तरेला याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर कितीतरी जिल्हे आहेत, तिथे ब्रिक्स्टनच्या एकतृतीयांशही माणसं गेली नाहीत. निम्म्याहून कमी म्हणजे २८ फुटांच्या आत. सूत्राप्रमाणे तिथे किमान ५५ जायला हवीत. गेली १८ च्या आसपास किंवा त्याहून कमी.

हे ठिपके मी लाल पेन्सिलीने कागदावर टाकले. ब्रिक्स्टनचा नेमका, उत्तरेकडच्यांचे अंदाजाने. माझी सुबक रेघ मधोमध, एक लाल ठिपका तिच्या बराच वर, बाकीचे तिच्या खूप खाली. पट्ट्यांच्या सरासरीत हे सगळे एकमेकांना सांभाळून घेत गुपचूप बसले होते.

समाजशास्त्रात हा धडा फार उशिरा, १९५० साली, डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी कायमचा शिकवला. त्यांनी अमेरिकेतल्या १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. राज्या-राज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेले लोक जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी, गुणांक उणे ०.५३. माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच, अधिक ०.१२. चिन्हच उलटलं. बाहेरून आलेली माणसं अशा राज्यांत वसली होती जिथले मूळचे लोक जास्त शिकलेले होते, एवढीच ती भानगड. माझ्या शाखांच्या सरासऱ्या काढताना मला हे आठवायला हवं होतं. असो.

तर मग उंची की पाणी, हे ठरवायचं कसं? त्याच प्रकारचे आणखी ठिपके गोळा करून नाही. दोन गोष्टी हातात हात घालून चालत असतील तर तसे दहा हजार ठिपके मिळाले तरी त्या हातात हात घालूनच चालणार. शोधायच्या त्या जागा, जिथे त्यांचे हात सुटले आहेत. उंची तीच पण पाणी वेगळं. किंवा पाणी तेच पण उंची वेगळी.

स्नो हेच शोधत फिरला. सखल भागात, चहूबाजूंनी साथ पेटलेली असताना बेथलेहेम हॉस्पिटल आणि दोन तुरुंग जवळजवळ सुखरूप राहिले. तिथे आवारातच खोल विहिरी होत्या. उलट बाजूला वुल्व्हरहॅम्प्टन, मर्थर टिडफिल यांसारखी, समुद्रसपाटीपासून शेकडो फूट वर असलेली गावं कॉलऱ्याने होरपळून निघाली होती. उंचीच्या सूत्राप्रमाणे तिथे फारसं कुणी मरायलाच नको होतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवत राहते ती १८५४ च्या साथीतली हॅम्पस्टेडची एक वृद्ध विधवा. हॅम्पस्टेड म्हणजे माझ्या कागदावरचा तो लांबचा ठिपका, ३५० फुटांचा, चिकटवलेल्या दुसऱ्या कागदावरचा. या बाई पूर्वी खाली शहरात, त्या साथीचा भडका उडाला त्या ब्रॉड स्ट्रीटजवळ राहायच्या आणि तिथल्या हातपंपाच्या पाण्याची त्यांना इतकी गोडी होती की राहायला दूर टेकडीवर गेल्यावरही रोज गाडीवरून एक बाटली मागवायच्या. ३१ ऑगस्टच्या गुरुवारी नेहमीप्रमाणे बाटली आली. ते पाणी त्यांनी त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना कॉलरा झाला, शनिवारी त्या गेल्या. भेटायला आलेली भाची तेच पाणी पिऊन आपल्या घरी परतली, तेही उंचावरच्या, चांगल्या हवेच्या वस्तीत. तीही गेली. त्या वेळी दोघींच्याही वस्तीत कॉलऱ्याचा दुसरा रोगी नव्हता. हवा टेकडीवरची, उंची टेकडीवरची, पाणी तेवढं खालचं. कुणी मुद्दाम प्रयोग करायचा ठरवला असता तरी याहून स्वच्छ जमला नसता, आणि कुणी तो करूही नये.

एका बाईवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरं. त्याच वर्षी स्नोला फार मोठी जागा सापडली. दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यातून गेलेले होते. जुन्या स्पर्धेच्या काळात दोघींनीही नळ टाकले, त्यामुळे एका घराला साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचं पाणी, शेजारच्या घराला लॅम्बेथचं. १८५२ पर्यंत दोन्ही कंपन्या शहराच्या आतल्या घाण थेम्समधूनच पाणी घेत होत्या. मग लॅम्बेथने आपली पाणी उचलण्याची जागा हलवली आणि वर, थेम्स डिटनला नेली, शहराच्या सांडपाण्याच्या पलीकडे. दुसरी कंपनी बॅटरसीलाच राहिली. रस्ता तोच, जमीन तीच, हवा तीच, श्रीमंत-गरीब दोन्हीकडे मिसळलेले. फरक फक्त पाण्यात, आणि तो फरक राहणाऱ्यांनी निवडलेला नव्हता. पुष्कळांना तर आपल्या नळाला कुणाचं पाणी येतं हेही माहीत नव्हतं, कारण पाणीपट्टी घरमालक भरायचा.

ही अडचण स्नोने कशी सोडवली ते मला फार गोड वाटतं. तो घरोघर जायचा आणि जिथे कंपनीचं नाव सांगता येत नसे तिथे बाटलीत थोडं पाणी घ्यायचा. त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की मिठाच्या प्रमाणात पांढरा साका तयार होतो. भरतीबरोबर समुद्राचं खारेपण बॅटरसीपर्यंत यायचं, वर डिटनला पोहोचायचं नाही. साउथवर्कच्या एका गॅलनमध्ये ३७.९ ग्रेन मीठ निघालं, लॅम्बेथच्या गॅलनमध्ये एका ग्रेनहूनही कमी. कोणतं पाणी कुणाचं, हे बाटली हलवली की डोळ्यांना दिसायचं. आणि ज्या घरांत मृत्यू झाले त्यांचे पत्ते त्याला मिळाले ते रजिस्टर ऑफिसातून, फारकडून. उंचीच्या रेघेचा जनकच तिच्याविरुद्धचा पुरावा गोळा करायला मदत करत होता. असं मोठं मन मी बैठकांमध्ये फारसं पाहिलेलं नाही. माझं स्वतःचंही त्यात धरून.

पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा: साउथवर्कच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर दहा हजार घरांमागे ३७.

चोखंदळ वाचक इथे थांबवेल आणि म्हणेल, हे आकडे दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या घरांचे आहेत, नुसत्या मिसळलेल्या गल्ल्यांचे नाहीत. बरोबर आहे. त्यामुळे ही तुलना वाटते तितकी निर्मळ नाही, आणि स्नोवर त्या वेळीही टीका झाली. पण हा युक्तिवाद ठिपक्यांच्या घट्टपणावर उभा नाही, हे ध्यानात घ्या. इथे दोनच आकडे आहेत, काढायला रेघसुद्धा नाही. पुराव्याला जोर येतो तो या गोष्टीने की पाणी बदललं तेव्हा त्याच्याबरोबर बदलू शकणाऱ्या बाकीच्या गोष्टी बऱ्याच अंशी जागच्या जागी राहिल्या.

कुणी विचारेल, रेघ चुकीची असली तरी उपयोगी होती ना? उंची सांगा, मृत्यू सांगते. हे खरं आहे. अंदाज बांधण्यापुरती घट्ट माळ उत्तम चालते. १८४९ च्या लंडनमध्ये पुढचा रुग्ण कुठे निघेल असं विचारलं असतं तर फारच्या सूत्रावर मीही पैज लावली असती. बिघडतं ते काही बदलायला निघालं की. समजा सखल भागातली माणसं उचलून टेकडीवर नेली. ती वाचली असती, बहुधा, कारण तिथलं पाणी वेगळं होतं. सगळे म्हणाले असते, बघा, उंचीचाच गुण! आणि हॅम्पस्टेडच्या बाईंसारखं कुणी आपलं पाणी बरोबर नेलं असतं तर ते मेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. चुकीच्या कारणावर केलेला उपाय कधी कधी लागू पडतो, हा यातला सगळ्यात फसवा भाग आहे.

आणि कधी कधी तो उलटतो. दुर्गंधी हाच रोग, या समजुतीने त्याच वर्षांत लंडनच्या घराघरांखालचे मैल्याचे खड्डे धुऊन ती सगळी घाण थेम्समध्ये सोडली जात होती. वास घरांपासून दूर गेला. ज्या पाण्यातून नळ भरले जायचे त्या पाण्यात गेला. हे फारच्या आलेखाने झालं असं नाही, त्याचा अहवाल नंतरचा. पण समजूत तीच होती, आणि आलेखाने तिला टेकू दिला.

हल्ली माझ्यासमोर कुणी घट्ट प्लॉट ठेवला की मी तीन गोष्टी विचारते, आणि त्या विचारताना मला आमचे हजेरीपटावरचे काकाच आठवतात. एक ठिपका म्हणजे एक माणूस आहे की माणसांचा गठ्ठा? आडव्या रेषेवरची गोष्ट बदलते तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय बदलतं? आणि ती एकटीच बदलली असं कुठे घडलंय का, चुकून का होईना? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक खोल्यांत शांतता पसरते. मला ती शांतता आवडायला लागली आहे. काही वेळा मग कुणीतरी म्हणतं, "अमुक शाखेत तसं झालं होतं खरं," आणि बैठक तिथून सुरू होते.

फारचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. १८६६ साली कॉलरा पुन्हा आला तेव्हा स्नो हयात नव्हता, १८५८ मध्येच तो गेला होता. या वेळी मृत्यूंचा ढीग पूर्व लंडनमध्ये, एकाच पाणी कंपनीच्या हद्दीत लागला. फारने तो पाहिला आणि आपल्या नव्या अहवालात पाण्याच्या बाजूने ठामपणे उभा राहिला. त्यात त्याने एक चिमटाही काढला आहे. लंडनची हवा काही पाण्यासारखी कंपन्या पुरवत नाहीत, म्हणून समित्यांपुढे नेहमी हवेवरच सगळा दोष येतो. तिच्या वतीने ना कुणी तज्ज्ञ साक्षीदार ठेवले, ना कुणी वकील बोलला.

हवेवर तो दोष ठेवणाऱ्यांत आपणही होतो, हे लिहिताना त्याला आठवत असणारच.